कोणी करायचं आणि कधीपर्यंत

मी भांडखोर आहे, असं आमच्या घरात, शेजारात आणि मी जिथे जिथे नोकरी केली तिथे एकमताने मान्य झालेलं आहे. मी त्यावर वाद घालत नाही. एका सरकारी परिपत्रकाचं एका पानात टिपण करायला सांगितल्यावर सगळा साखर कारखाना अंगावर घेणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगर जिल्ह्याच्या कालव्याच्या पट्ट्यात एक सहकारी साखर कारखाना होता, त्याच्या लेबर ऑफिसात मी हंगामी टंकलेखक होते. हंगामी म्हणजे दर वर्षी नवी ऑर्डर. ती निघाली तर नोकरी, नाही निघाली तर घरी. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे माझं इंग्रजी बरं होतं. ऑफिसात इंग्रजी पत्र आलं की ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन पडायचं. पगार मात्र मराठी टंकलेखकाचाच.

कारखान्यात कागद फिरवायची एक रीत होती. बाहेरून परिपत्रक आलं की आवक रजिस्टरला नोंद, मग कार्यकारी संचालकांचा शेरा, "सर्व संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी". मग शिपाई तो कागद घेऊन खात्याखात्यातून हिंडायचा. प्रत्येक खातेप्रमुख कोपऱ्यात "पाहिले" लिहून सही करायचा. आठ सह्या झाल्या की कागद फायलीत. काम झालं असं सगळ्यांना मनापासून वाटायचं. पाहणं आणि करणं यात फरक असतो, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

त्या पावसाळ्यात कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाकडून असंच एक परिपत्रक आलं. सहा पानं, चौदा परिच्छेद, सगळं इंग्रजीत. विषय, बंदिस्त टाक्यांमध्ये माणूस उतरवताना घ्यायची काळजी. दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात टाकी साफ करताना माणसं गुदमरून गेली होती, त्यानंतर ते निघालं होतं. आमच्याकडे नेहमीप्रमाणे त्यावर आठ सह्या पडल्या. पण शेवटच्या परिच्छेदात पूर्ततेचा अहवाल मागितला होता, आणि तो कारखान्याचे भोगवटादार आणि मॅनेजर यांच्या सहीने जायचा होता. म्हणजे पहिली सही खुद्द कार्यकारी संचालकांची. आपली सही लागणार म्हटल्यावर साहेबांनी खातेप्रमुखांना विचारलं की यात काय लिहिलंय. आठांपैकी एकालाही सांगता येईना.

मग लेबर ऑफिसर माझ्या टेबलाशी आले. ते माझे साहेब. मनाने फार चांगले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि त्यामुळे प्रत्येक गोष्टीला घाबरणारे.

"बाई, याचं मराठीत एक पान करा. कोणत्या खात्याने काय करायचं, कधीपर्यंत, एवढंच. साहेब लोकांना लांबण लावलेलं आवडत नाही."

"उद्या देते," मी म्हणाले.

हे काम कसं करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी माझी पद्धत काढली. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायचीच नाही. दुसऱ्या वाचनात जिथे जिथे "करावेच लागेल" अशा अर्थाचं क्रियापद आहे तिथे लाल रेघ, आणि जिथे "करता येईल" एवढंच आहे तिथे निळी. लाल रेघ म्हणजे काम, निळी म्हणजे सल्ला. तिसऱ्या वाचनात प्रत्येक लाल रेघेला विचारायचं, तू कोणाची? तुझी मुदत कोणती? दोन्हींचं उत्तर मिळालं नाही तोवर ती ओळ पानावर घ्यायची नाही. एकोणीस लाल रेघा निघाल्या, त्यांची एकात एक बसवून अकरा कामं झाली.

मुदतीपाशी आल्यावर माझं डोकं फिरलं. परिपत्रक म्हणत होतं, अहवाल "निर्गमित झाल्याच्या दिनांकापासून" तीस दिवसांत. निर्गमित म्हणजे त्यांच्या कार्यालयातून निघाल्याच्या. आमच्याकडे मात्र सगळे मुदत मोजायचे ती आपल्या आवक शिक्क्यापासून. पोस्टात अकरा दिवस गेले होते. सह्या गोळा करण्यात आणखी आठ. माझ्या हातात कागद आला तेव्हा एकोणीस दिवस संपलेले, अकरा उरलेले. आणि खातेप्रमुख बावीस दिवस आहेत म्हणून निवांत पाय पसरून बसलेले.

पण खरी ठिणगी चौथ्या परिच्छेदात होती. बाकी सगळ्याला तीस दिवस होते. श्वसनाची उपकरणं विकत घ्यायला साठ होते. चौथ्या परिच्छेदाला मात्र एकही दिवस नव्हता. "तात्काळ प्रभावाने." ज्या टाकीत घातक वायू असू शकतो, तिच्यात मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला दिल्याशिवाय कोणालाही उतरू द्यायचं नाही. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. आत न्यायचा दिवा चोवीस व्होल्टच्या वर नाही. आणि अकरावा परिच्छेद सांगत होता, ठेकेदाराची माणसंही यात धरायची.

आमच्या डिस्टिलरीत मद्यार्कासाठी मळी आंबवायच्या टाक्या होत्या. वर्षातून एकदा डिस्टिलरी बंद झाली की त्यांच्या तळाचा गाळ काढायचा. ते काम ठेकेदाराच्या टोळीकडे. टोळी कर्जतकडची, सात जण, आमच्या वसाहतीमागे झोपड्या टाकून राहायची. त्यांचा मुकादम संध्याकाळी घरावरून जाताना आमच्या आईशी दोन शब्द बोलायचा, म्हणून ओळख. मी ते टिपण करत होते त्या संध्याकाळी त्याला थांबवून विचारलं, टाकीत कधी उतरायचं ते तुम्ही कसं ठरवता?

"वासावरनं," तो म्हणाला. "झाकन उघडलं की आंबूस वास येतो बघा, डोळ्यात पानी येतं. दोन दिस टाकी उघडी ठिवायची. वास मंदावला की उतरायचं. आमच्या बापापासनं असंच हाय."

"आणि कधी कोणाला काही झालं?"

"गेल्या साली दोन गडी आतच बसले. पाय गेल्यावानी. वर वढून काढले. सायब म्हनले, उपाशी पोटी उतरले म्हनून चक्कर आली." मग तोच म्हणाला, "उपाशी नव्हते ताई. माझ्यासंगंच भाकर खाल्ली हुती."

मी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या केमिस्टला विचारून खात्री करून घेतली. आंबवण्यातून निघणारा तो वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. आणि त्याला असा वास नाही की ज्याच्यावरून तो आहे की गेला ते कळावं. आंबूस वास गाळाचा. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. वर्षानुवर्षं ही माणसं नाकावर भरवसा ठेवून उतरत होती, आणि नाक त्यांना खोटं सांगत होतं. केमिस्ट हे सगळं जाणून होते. मी विचारलं, मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? ते म्हणाले, टाकी साफ करणं माझ्या खात्यात येत नाही. मला इतका संताप आला की मी तिथे आणखी बोलले असते तर शिव्याच दिल्या असत्या.

टाकी कोणाच्या खात्यात येते हे मी मग मुद्दाम विचारत हिंडले. डिस्टिलरी मॅनेजर म्हणाले, टाकी चालू असेपर्यंत माझी, साफसफाई सिव्हिलची. सिव्हिल म्हणालं, आम्ही फक्त ठेका काढतो, माणसं ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, टाकी कारखान्याची. टोलवाटोलवी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते आणि मधल्या मध्ये सात माणसं टाकीत.

तेव्हा मी ठरवलं की माझ्या पानावर "सर्व संबंधित" हे दोन शब्द येणार नाहीत. मी चार रकाने आखले. काय करायचं. कोणी करायचं. कधीपर्यंत. मूळ परिच्छेद कितवा. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच हुद्दा. दोन खात्यांना मिळून काम असेल तर ते मोडून दोन ओळी केल्या. पट्टे आणि दोर आणणं, स्टोअरकीपर. चोवीस व्होल्टचे दिवे, चीफ इंजिनिअर. ठेक्याच्या करारात अट घालणं, सिव्हिल इंजिनिअर. सक्षम व्यक्तीला बोलावणं, तिचा दाखला हातात घेणं आणि तोवर कोणालाही आत न सोडणं, डिस्टिलरी मॅनेजर. मुदत, तात्काळ. शेवटची ओळ आमच्याच खात्याची. या सूचना कामगारांना समजतील अशा भाषेत दर्शनी जागी लावणं, लेबर ऑफिस. मुदत, तात्काळ.

लेबर ऑफिसरांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, नावंच घातलीत तुम्ही."

"हुद्दे घातलेत."

"तेच ते. लोकांना राग येईल. 'संबंधित खाते' असं मोघम लिहिलं तर?"

"मोघम लिहिलं तर आहे तेच राहील, साहेब. मग मला टंकायला कशाला लावलंत?"

त्यांनी पान उचललं आणि कार्यकारी संचालकांकडे पाठवलं. घाबरट होते, पण त्यांनी पान बदललं नाही, हे मी त्यांच्या बाजूने इथे नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी कार्यकारी संचालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मला पान वाचून दाखवायला बोलावलं होतं. आठ पुरुष खुर्च्यांवर, मी उभी. खुर्ची नव्हती असं नाही, कोणी बस म्हणालं नाही. पहिल्या सहा ओळी शांतपणे गेल्या. मुदत वीस नव्हे, आता नऊच दिवस उरली आहे म्हटल्यावर थोडी खळबळ झाली, कोणी म्हणालं, आवक शिक्का बघा. मी परिपत्रकातली ओळ वाचून दाखवली. साहेबांनी स्वतः ती ओळ परत वाचली आणि म्हणाले, बाई बरोबर आहेत.

मग चौथा परिच्छेद आला आणि डिस्टिलरी मॅनेजर हसले. ते कारखान्यातलं मोठं प्रस्थ. दर शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल घालायचे, चुकवायचे नाहीत. शनीच्या कोपाची त्यांना भीती होती, वायूची नव्हती.

"ही तात्काळची ओळ खाली घ्या," ते मला म्हणाले, साहेबांना नाही. "बाकी सगळ्यांना तीस दिवस आहेत, त्यात टाका. शुक्रवारी माझी साफसफाई लागलीय, टोळी तयार आहे. आता तो कोण सक्षम माणूस शोधत बसलो तर आठवडा जाईल."

"परिच्छेद चारला तीस दिवस नाहीत."

"मला माहीत आहे काय आहे ते. सारांश म्हणजे सोयीचं करून लिहायचं असतं. नाहीतर परिपत्रक होतंच की आमच्याकडे."

"सारांश म्हणजे लहान करून लिहायचं असतं," मी म्हणाले. "सोयीचं करून लिहायला मी वकील नाही."

डिस्टिलरी मॅनेजर लाल झाले. म्हणाले, हंगामी बाईने आम्हाला डिस्टिलरी शिकवायची वेळ आली का आता? मी म्हणाले, डिस्टिलरी नाही शिकवत, परिच्छेद चार वाचतेय. वाचून दाखवू का?

"दाखवा," कार्यकारी संचालक म्हणाले.

मी वाचला. आधी इंग्रजीत, मग मराठीत. चौथ्या रकान्यात परिच्छेदाचा आकडा होता, म्हणून त्यांना ओळ चटकन सापडली. त्यांनी बोट ठेवून ती तपासली आणि माझ्या पानाखाली सही केली. ते काही फार धीट गृहस्थ नव्हते. पण त्यांच्यासमोर आकडा होता आणि खाली त्यांचं नाव जाणार होतं. त्या दिवसापासून मी कुठलंही टिपण मूळ आकड्याशिवाय लिहिलेलं नाही. आपल्या शब्दाला मान नसला तरी आकड्याला असतो.

बाहेर आल्यावर डिस्टिलरी मॅनेजर मला ऐकू जाईल असं म्हणाले, "कागद ऑफिसात, टाकी डिस्टिलरीत. दोघांची गाठ पडत नाही."

मी मनात म्हटलं, पाडते.

शेवटची ओळ माझ्याच खात्याची होती ना. दर्शनी जागी लावणं, लेबर ऑफिस, तात्काळ. मी त्या पानाच्या तीन प्रती काढल्या. एक गेटवर, एक कँटीनच्या भिंतीला, आणि तिसरी डिस्टिलरीच्या आवारात, जिथे टोळीची माणसं कपडे बदलायची तिथे. शिपायाला पाठवलं नाही, खळ घेऊन स्वतः गेले. आणि लावून परत आले नाही. सात जणांपैकी वाचता येणारा एक होता, तोही अडखळत. म्हणून मी त्यांच्यासमोर उभी राहून अकराच्या अकरा ओळी मोठ्याने वाचल्या. चौथ्या परिच्छेदाची ओळ दोनदा.

मुकादमाने विचारलं, "मंजी वास गेला तरी उतरायचं न्हाई?"

"वासाचा काही संबंध नाही. दाखला आला तरच."

"आन् दाखला कोन आननार?"

मी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे आणणार."

त्याने त्या शब्दांकडे बराच वेळ पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी.

"आमी न्हाई उतरलो तर ठेकेदार दुसरी टोळी आनल," टोळीतला एक जण म्हणाला.

पोटाचा प्रश्न मी एका पानाने सोडवू शकत नव्हते, आणि सोडवते असं खोटं सांगणंही जमलं नाही. मी म्हणाले, "आणील. पण हा कागद त्या टोळीलाही लागू आहे." एवढं बोलून मी परत आले.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला डिस्टिलरीचा शिपाई धावत आला. लेबर ऑफिसरांना बोलावलंय, टोळी बसलीय. लेबर ऑफिसरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जाऊन त्यांना बसवून आले होते. आम्ही दोघं गेलो.

टाकीचं मॅनहोल उघडं होतं. दोन दिवसांपासून उघडं, त्यामुळे वास जवळजवळ नव्हताच. शिडी आत सोडलेली. शेजारी घरगुती वायरला लोंबणारा साधा बल्ब, नेहमीचाच, दोनशे तीस व्होल्टवर चालणारा. आणि सातही जण टाकीच्या सावलीत मांडी घालून बसलेले. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. डिस्टिलरी मॅनेजर त्यांच्यासमोर येरझारा घालत होते.

"वास तरी येतोय का रे? नाक आहे ना तुम्हाला? दर वर्षी उतरता ते काय आहे?"

मुकादम बसल्या जागेवरून म्हणाला, "सायब, तुमचं नाव हाय कागदावर. तुमी दाखला आना, आमी उतरतो. आमचं काय म्हननं न्हाई."

"कोणी भरवलं हे तुम्हाला?"

"भिंतीवर हाय की. सायबाची सही हाय त्याच्यावर."

मॅनेजरांनी वळून मला पाहिलं. मग त्यांनी एक केलं, ज्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही. ते म्हणाले, "एकजण उतरून दाखवा. काही होत नाही हे कळेल. त्याला आजची दुप्पट हजेरी."

टोळीत हालचाल झाली. सगळ्यात तरणा, नुकतं लग्न झालेला एक जण गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला. मुकादमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. आणि मी शिडीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. विचार करून नाही. साडीचा पदर कमरेला खोचला आणि उभी राहिले.

"बाई, बाजूला व्हा."

"तुम्ही उतरा," मी म्हणाले. "काही होत नाही ना? मग तुम्हीच उतरा. आम्ही दोर धरतो."

लेबर ऑफिसर मागे हळूच म्हणाले, "अहो बाई, अहो बाई." पण मग त्यांनीच, आयुष्यात पहिल्यांदा असेल, आवाज चढवला. "मी साहेबांना फोन करतो. तोवर कोणी उतरायचं नाही. ही माझी लेखी सूचना समजा."

फोन झाला. कार्यकारी संचालकांनी सही केलेली असल्यामुळे त्यांना आता माघार घेता येईना. नगरच्या एमआयडीसीतून मान्यता असलेले एक इंजिनिअर दुपारी जीपने आले. हातात खिशातल्या रेडिओएवढं यंत्र, त्याला लांब नळी. त्यांनी नळी मॅनहोलमधून खाली सोडली. वरच्या भागात यंत्राचा काटा ठीक होता. अर्ध्यावर गेल्यावर हलला. तळाशी पोचायच्या आत यंत्र किंचाळायला लागलं. एवढुसं यंत्र, पण आवाज असा की आवारातली सगळी माणसं जमा झाली.

इंजिनिअर म्हणाले, "खाली श्वास घ्यायला प्राणवायूच नाही. यात उतरलेला माणूस दुसऱ्यांदा शिडी बघणार नाही."

तो तरणा पोरगा माझ्या शेजारी उभा होता. नुसता मॅनहोलकडे बघत राहिला. डिस्टिलरी मॅनेजर म्हणाले, "पंखा लावा," आणि ऑफिसकडे निघून गेले. पंखे रात्रभर आत ताजी हवा फेकत राहिले. शनिवारी त्या इंजिनिअरांनी परत तीन ठिकाणी, तीन खोलींवर चाचणी घेतली, दाखला लिहून दिला, आणि मग पट्टा, दोर, चोवीस व्होल्टचा दिवा घेऊन दोघं दोघं करून टोळी उतरली. मॅनेजर त्या शनिवारी शिंगणापूरला गेले नाहीत. दाखला हातात घ्यायचं काम त्यांच्या नावावर होतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झाले असते. पण अहवाल राहिला होता.

तिसाव्या दिवसाच्या आधी तो द्यायचा होता. मी माझ्याच पानाला पाचवा रकाना जोडला, "काय केले आणि कधीपासून", आणि आठ खात्यांकडे पाठवलं. परत आलं तेव्हा प्रत्येकाने एकच वाक्य लिहिलं होतं, जणू एकमेकांचं बघून परीक्षा दिली असावी. "सदर पद्धत पूर्वीपासून चालू आहे." डिस्टिलरीच्या ओळीसमोरसुद्धा.

पूर्वीपासून चालू! ते वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण ते खरं धरलं तर गेल्या साली टाकीत बसलेले ते दोन गडी नियम असून, पट्टा असून, दाखला असून बेशुद्ध पडले. म्हणजे चूक त्यांची. उपाशी पोटाची. त्या एका वाक्याने कारखाना स्वच्छ होणार होता आणि सगळा दोष कर्जतच्या दोन माणसांवर जाणार होता, ज्यांना ते वाक्य कधी कळणारही नव्हतं.

बाकीच्या खात्यांच्या ओळी मी तपासून घेतल्या. जे खरंच होतं ते राहू दिलं, पट्टे, दोर आणि दिव्यांसमोर "या महिन्यात आणले" असं घातलं. डिस्टिलरीच्या ओळीसमोर मात्र मी टंकलं, "टाकीची चाचणी व दाखला ही पद्धत चालू महिन्यात प्रथम सुरू केली. यापूर्वी ती नव्हती."

लेबर ऑफिसरांनी ते वाचून मला खुर्ची दिली. "बाई, तुमची ऑर्डर पुढच्या महिन्यात निघायचीय."

"माहीत आहे."

"डिस्टिलरीवाले संचालक मंडळाच्या जवळचे आहेत."

"तेही माहीत आहे. साहेब, तुम्हाला हे वाक्य खोटं वाटतं का?"

त्यांनी ती ओळ परत एकदा वाचली. मग कागद घेऊन स्वतः कार्यकारी संचालकांकडे गेले. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. साहेबांनी वाचलं की न वाचता सही केली, तेही कधी कळलं नाही. सही आली आणि अहवाल एकोणतिसाव्या दिवशी माणसाच्या हाती पोचवला. पोस्टावर मी विश्वास ठेवला नाही.

दोन आठवड्यांनी निरीक्षक आले. केबिनमध्ये सगळे खातेप्रमुख, चहा, बिस्किटं. मला फाईल घेऊन बोलावलं. निरीक्षक अहवालाची पानं उलटत होते. कुठे "पूर्वीपासून", कुठे "या महिन्यात आणले", आणि एकाच ओळीत "यापूर्वी नव्हती". त्यांनी त्या ओळीवर पेन ठेवलं.

"हे काय? नव्हती म्हणजे? मग गेली इतकी वर्षं टाक्या साफ कशा होत होत्या?"

डिस्टिलरी मॅनेजर पुढे वाकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सर, टायपिंगची चूक आहे ती. आमच्या टंकलेखक बाई नवीन आहेत, हंगामी. 'होती'चं 'नव्हती' झालंय." मग माझ्याकडे बघून हसले. "हो की नाही हो बाई? चूक माणसाकडून होतेच. उद्या दुरुस्त करून देतील त्या."

ते मला वाट करून देत होते, हे मला कळत होतं. हो म्हटलं असतं तर कोणी रागावलं नसतं. ऑर्डर निघाली असती. लेबर ऑफिसर जमिनीकडे बघत होते. कार्यकारी संचालक चहाच्या कपाकडे.

निरीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "टायपिंगची चूक आहे का?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "या अहवालात चुका असतील, मी बाकीचा एकदाच तपासलाय. हे वाक्य चार वेळा तपासलं."

त्यांनी त्या ओळीशेजारी तारीख घालून सही केली आणि गेल्या वर्षीचं टाकीच्या कामाचं रजिस्टर मागवलं. त्या वर्षी माझी ऑर्डर निघाली नाही.